मुलाखतीत चुकलेली क्वेरी आणि आभाराचा मेल

प्रश्न: काल दुपारी डेटा ॲनालिस्ट पदासाठी मुलाखत झाली. बाकी बरी गेली, पण एसक्यूएलच्या एका प्रश्नात घोळ झाला. प्रत्येक ग्राहकाच्या मार्च महिन्यातल्या ऑर्डर मोजायच्या होत्या आणि ज्यांची एकही ऑर्डर नाही तेही यादीत हवे होते. मी लेफ्ट जॉइन लावला आणि तारखेची अट `WHERE` मध्ये टाकली. त्यांनी विचारलं, "शून्यवाले दिसतील ना?" मी म्हटलं, "हो, लेफ्ट जॉइन आहे ना." रात्री लक्षात आलं की नाही दिसणार. आभाराच्या मेलमध्ये हे लिहावं का? की त्यामुळे चूक उगाच जास्त नजरेत येईल? नोकरी मला मनापासून हवी आहे, हेही सांगायचं आहे.

उत्तर:

लिहा, आणि आजच लिहा. चूक नजरेत येण्याची काळजी आता करू नका, कारण ती कालच आलेली आहे. "शून्यवाले दिसतील ना?" असं कुणी सहज विचारत नाही. समोरच्याला क्वेरीत नेमकं काय बिनसलंय ते दिसलेलं असतं आणि तुम्हाला स्वतःहून सापडतंय का, हे बघण्यासाठी तो प्रश्न टाकलेला असतो. म्हणजे त्यांच्या टिपणात ही गोष्ट गेली आहे. मेलमध्ये ती टाळली तर टिपण पुसलं जात नाही, फक्त त्यापुढे काहीच जोडलं जात नाही.

मी बरीच वर्षं ॲनालिस्टच्या मुलाखती घेते आहे, आणि या पदासाठी अशा मेलला वेगळं वजन का असतं ते सांगते. ॲनालिस्टच्या हातून कधी ना कधी चुकीचा आकडा बाहेर जातोच. रिपोर्ट पाठवून झालेला असतो, चार जणांनी वाचलेला असतो, आणि मग कळतं की एक फिल्टर चुकलाय. त्या वेळी तो माणूस काय करतो यावर त्याच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास ठरतो. काय चुकलं, का चुकलं, बरोबर काय, त्यामुळे कोणता निष्कर्ष बदलतो आणि हे आता कसं तपासलं, एवढं थोडक्यात लिहून पाठवणं हा या कामाचाच भाग आहे. तुमच्या मेलमधला दुरुस्तीचा परिच्छेद म्हणजे असं पत्र तुम्ही कसं लिहिता याचा नमुना. म्हणून तो माफीनाम्यासारखा न लिहिता, टीमला पाठवायच्या दुरुस्तीसारखा लिहायचा.

पण आधी दुरुस्ती स्वतः बरोबर आहे ना, ते पक्कं करा. चुकलेलं उत्तर सुधारायला पाठवलेल्या मेलमध्ये दुसरी चूक असेल, तर मेल न पाठवलेला परवडला. आणि तुमच्या या प्रश्नात दुसरी चूक अगदी हाताशी बसलेली आहे. तुम्ही सांगता त्यावरून तुमची क्वेरी साधारण अशी असणार:

```sql
SELECT c.customer_id, COUNT(*) AS march_orders
FROM customers c
LEFT JOIN orders o
  ON o.customer_id = c.customer_id
WHERE o.order_date >= '2025-03-01'
  AND o.order_date <  '2025-04-01'
GROUP BY c.customer_id;
```

लेफ्ट जॉइन आपलं काम चोख करतो. ज्याची ऑर्डर नाही त्या ग्राहकाची ओळ तो ठेवतो आणि ऑर्डरच्या रकान्यांत `NULL` भरतो. त्यानंतर `WHERE` येतो आणि प्रत्येक ओळीला विचारतो, तारीख मार्चमधली आहे का? `NULL` ची कशाशीही तुलना केली की उत्तर 'हो' येत नाही आणि 'नाही'ही येत नाही, ते 'माहीत नाही' असं येतं. `WHERE` फक्त 'हो'वाल्या ओळी ठेवतो. त्यामुळे जॉइनने जपून ठेवलेल्या ओळी पुढच्याच पायरीवर गळतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन होऊन बसतो.

हे पडताळायला मोठा डेटा लागत नाही. तीन ग्राहक पुरतात, फक्त तिघे तीन तऱ्हांचे हवेत:

```sql
CREATE TABLE customers (customer_id INT);
CREATE TABLE orders (order_id INT, customer_id INT,
                     order_date DATE);

INSERT INTO customers VALUES (101), (102), (103);
INSERT INTO orders VALUES
  (1, 101, '2025-03-05'),
  (2, 101, '2025-03-20'),
  (3, 102, '2025-02-11');
```

101 ने मार्चमध्ये दोनदा ऑर्डर दिली. 102 ने दिली, पण फेब्रुवारीत. 103 ने कधीच दिली नाही. तुमची क्वेरी यावर चालवली तर एकच ओळ येते: 101, आकडा 2.

आता पहिली डागडुजी बहुतेकांना सुचते ती अशी की `WHERE` मध्येच `OR o.order_date IS NULL` जोडून द्यावं. हे पटकन बरोबर वाटतं, कारण 103 परत येतो. पण 102 अजून गायबच राहतो. त्याची ऑर्डर आहे, त्यामुळे त्याच्या ओळीत `NULL` नाही, आणि तारीख फेब्रुवारीची असल्यामुळे मार्चची अटही पूर्ण होत नाही. दोन्ही दारं त्याला बंद. खऱ्या डेटात असे ग्राहक बरेच असू शकतात आणि धंद्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असतात: पूर्वी घेत होते, या महिन्यात आले नाहीत. तुमच्या चाचणीच्या टेबलात 102 सारखा ग्राहक नसेल तर ही चूक तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून तीन तऱ्हा.

दुसरी डागडुजी योग्य दिशेची आहे. तारखेची अट उचलून `ON` मध्ये न्यायची. तिथे ती अट कोणत्या ऑर्डर जोडायच्या एवढंच ठरवते, ग्राहकाच्या ओळीला हात लावत नाही. तिघेही येतात. पण `COUNT(*)` तसाच ठेवला तर आकडे येतात 2, 1, 1. कारण `COUNT(*)` ओळी मोजतो, आणि ऑर्डर नसलेल्या ग्राहकाचीही एक ओळ तर आहेच, भले तिच्यात `NULL` भरलेले असोत. शून्याच्या जागी एक छापला जातो. मी म्हटलं ती हाताशी बसलेली दुसरी चूक हीच. घाईत मेल पाठवणारे नेमके इथे अडखळतात: अट हलवतात, तीन ओळी आल्या म्हणून समाधान मानतात आणि आकडे वाचत नाहीत. `COUNT(o.order_id)` लिहिलं की फक्त `NULL` नसलेली मूल्यं मोजली जातात आणि उत्तर 2, 0, 0 असं येतं. हे बरोबर.

तारखेबद्दल जाता जाता एक. मुलाखतीत तुम्ही `BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31'` लिहिलं असेल, आणि रकान्यात तारखेसोबत वेळही असेल, तर 31 तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीनंतरच्या, म्हणजे त्या दिवसभरातल्या ऑर्डर सुटतात. मेलमधल्या क्वेरीत वरच्यासारखी 'एप्रिलच्या एक तारखेच्या आधी' अशी अट घाला. त्यावर वेगळं वाक्य खर्च करू नका, वाचणाऱ्याला ते दिसतं.

आता मेल. तुमच्या मुलाखतीत टीमच्या कामाबद्दल काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, म्हणून तो तपशील मी मनाने घातला आहे. त्या जागी तुमचा खरा तपशील येईल. बाकीचा सांगाडा असाच ठेवला तरी चालेल, आणि कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत होत असेल तर इंग्रजीतही हाच क्रम ठेवा.

> विषय: डेटा ॲनालिस्ट मुलाखत: आभार आणि ऑर्डरच्या प्रश्नाची दुरुस्ती
>
> नमस्कार,
>
> काल मुलाखतीसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. 'सक्रिय ग्राहक' कोणाला म्हणायचं हे विक्री आणि मार्केटिंग या टीम वेगवेगळं धरतात, आणि दोघांसाठी एकच व्याख्या ठरवणं हे नव्या ॲनालिस्टचं पहिलं काम असेल, असं तुम्ही सांगितलंत. मला याच प्रकारचं काम करायचं आहे आणि हे पद मिळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.
>
> एका उत्तरात दुरुस्ती करायची आहे. मार्चमधल्या ऑर्डर मोजण्याच्या प्रश्नात, एकही ऑर्डर नसलेले ग्राहक माझ्या क्वेरीत दिसतील असं मी म्हटलं होतं. ते चूक होतं. तारखेची अट `WHERE` मध्ये असल्यामुळे त्यांच्या ओळी गळून जातात. अट `ON` मध्ये हवी, आणि शून्य बरोबर येण्यासाठी `COUNT(*)` ऐवजी `COUNT(o.order_id)` हवं:
>
> ```sql
> SELECT c.customer_id,
>        COUNT(o.order_id) AS march_orders
> FROM customers c
> LEFT JOIN orders o
>   ON o.customer_id = c.customer_id
>  AND o.order_date >= '2025-03-01'
>  AND o.order_date <  '2025-04-01'
> GROUP BY c.customer_id;
> ```
>
> तीन ग्राहकांच्या छोट्या टेबलवर दोन्ही क्वेरी चालवून पाहिल्या: एकाच्या मार्चमध्ये दोन ऑर्डर, एकाची फक्त फेब्रुवारीत, एकाची कधीच नाही. आधीची क्वेरी एकच ओळ देते, ही तिन्ही देते: 2, 0, 0. आधीच्या उत्तरावरून दर ग्राहकामागची सरासरी काढली असती तर 0.67 ऐवजी 2 आली असती, आणि या महिन्यात न आलेले ग्राहक हिशेबातूनच निघून गेले असते.
>
> पुढच्या टप्प्यासाठी माझ्याकडून काही हवं असल्यास जरूर कळवा.
>
> आपले नाव
> फोन क्रमांक

क्वेरी सोडली तर हा मजकूर फोनच्या पडद्यावर एक-दोनदा सरकवला की संपतो, आणि तो तेवढाच असावा. यापेक्षा लांबला तर बहुधा तुम्ही स्पष्टीकरण सोडून समर्थन लिहायला लागला आहात.

आवड कुठे सांगितली आहे ते बघा. "तुमच्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मला आनंद होईल" हे वाक्य कोणत्याही कंपनीला पाठवता येतं, म्हणून ते वाचलंच जात नाही. त्याऐवजी कालच्या बोलण्यातली एक अशी गोष्ट उचला जी फक्त त्या खोलीत बसलेल्यालाच माहीत असेल: एखादा डॅशबोर्ड बदलायचा आहे, एखादं टेबल अजून हाताने भरलं जातं, दर महिन्याला दोन रिपोर्टांचे आकडे जुळत नाहीत. त्यानंतर साध्या शब्दांत "हे पद मिळावं अशी इच्छा आहे" असं लिहा. आपल्याकडे असं थेट लिहायला बरेच जण संकोचतात, जणू ती विनवणी आहे. तसं नाही. दोन सारखे उमेदवार असतील तर कोण ऑफर स्वीकारेल हा प्रश्न टीमसमोर असतो, आणि या वाक्याने तुमच्या बाजूचं उत्तर मिळतं.

माझ्या नमुन्यात आवड आणि दुरुस्ती एकमेकींना धरून आहेत, हे मुद्दाम केलं आहे. 'सक्रिय ग्राहक' कोण, हा त्यांचा अडलेला प्रश्न. आणि तुमच्या चुकीत निसटले ते निष्क्रिय ग्राहकच. प्रत्येक वेळी असा धागा मिळेलच असं नाही, पण शोधून बघा. मिळाला की दुरुस्ती शाळेतल्या गणितासारखी न राहता त्यांच्या कामाशी जोडली जाते. नाही मिळाला तर ओढूनताणून जोडू नका.

आता तो दुरुस्तीचा परिच्छेद. उमेदवार एरवी असं काहीतरी लिहितात: "काल थोडं टेन्शन आल्यामुळे एसक्यूएलचा प्रश्न नीट सोडवता आला नाही, त्याबद्दल क्षमस्व. खरं तर मला जॉइन्स चांगले येतात आणि मला हेच म्हणायचं होतं की अट `ON` मध्ये असायला हवी." यातलं जवळपास प्रत्येक वाक्य तुमच्या विरोधात जातं. टेन्शन सगळ्यांनाच येतं, ते कारण तपासता येत नाही. "जॉइन्स चांगले येतात" हा दावा आहे, आणि तो नेमका जिथे खोटा पडला तिथेच केलेला आहे. सगळ्यात वाईट म्हणजे "मला हेच म्हणायचं होतं". तुम्ही ठामपणे उलट बोलला होतात आणि ऐकणाऱ्याला ते आठवतं. म्हणून "मी असं म्हटलं होतं, ते चूक होतं" इतकं सरळ लिहायचं. उत्तर नंतर सापडलं हे लपवायचं काही कारण नाही, दुरुस्ती नंतरच होते.

क्षमाही मागू नका. चुकीच्या क्वेरीने कुणाचं नुकसान झालेलं नाही. माफी मागितली की वाचणाऱ्याला "काही हरकत नाही" असं म्हणावं लागतं, आणि मुद्दा क्वेरीवरून तुमच्या मनःस्थितीवर सरकतो.

परिच्छेदातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे, सरासरीचं. तिथे तुम्ही दाखवता की ही फक्त व्याकरणाची चूक नव्हती. ग्राहकांची संख्या खाली आली की भागाकार फुगतो, आणि 0.67 च्या जागी 2 वाचणारा माणूस "ग्राहक खूश आहेत" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. चुकीचा आकडा कोणत्या दिशेने चुकला आणि त्यावरून कोणता निर्णय बिघडला असता, हे एका वाक्यात सांगता येणारे उमेदवार कमी भेटतात. बरोबर क्वेरी शोधून चिकटवणं कुणालाही जमतं. हे वाक्य मात्र समजल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमचा प्रश्न वेगळा असता तरी मी हेच शोधायला सांगितलं असतं.

मेल कोणाला पाठवायचा, तर ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांना. पॅनेलमध्ये तिघे असतील तर तिघांना वेगवेगळे छोटे आभाराचे मेल, आणि दुरुस्ती फक्त त्या एकाच्या मेलमध्ये. बाकी दोघांशी त्या क्वेरीबद्दल बोलणंच झालेलं नाही, त्यांना ती वाचायला लावण्यात अर्थ नाही. मात्र तिघे एकाच वेळी समोर बसलेले असतील आणि प्रश्न सगळ्यांसमोर झाला असेल, तर एकच मेल सगळ्यांना ठीक. पत्ता नसेल तर एचआरला लिहा, "हा मेल तांत्रिक फेरी घेणाऱ्यांपर्यंत पोचवाल का?" आणि खाली पूर्ण मजकूर द्या. एचआरच्या व्यक्तीला क्वेरी समजावत बसू नका, आणि इकडून तिकडून पत्ता हुडकून खासगी मेलवर तर मुळीच पाठवू नका.

वेळेचा मुद्दा इथे नेहमीच्या आभारापेक्षा कडक आहे. पुष्कळ ठिकाणी मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपलं मत लेखी नोंदवायचं असतं, आणि ते साधारण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी होतं. मत नोंदवून चर्चा झाली की दुरुस्तीला जागा उरत नाही. तुमची मुलाखत काल दुपारी झाली, म्हणजे आज दुपारच्या आत मेल गेलेला बरा. पण रात्री उशिरा, क्वेरी न चालवता, घाईघाईत पाठवू नका. सकाळी ताज्या डोळ्यांनी एकदा चालवून मग पाठवा. तेवढा वेळ आहे.

पाठवण्याआधी एक काम नक्की करा: मेल स्वतःला पाठवा, आलेल्या मेलमधून क्वेरी कॉपी करा आणि डेटाबेसमध्ये चालवा. वर्ड किंवा आउटलुकमध्ये टाइप करताना तारखेभोवतीची सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण क्वेरी एरर देते. वाचणाऱ्याने हौसेने चालवून बघितली आणि पहिल्याच ओळीला अडली तर सगळं मुसळ केरात. त्यासाठी क्वेरी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून मग चिकटवा, आणि जमल्यास सारख्या रुंदीच्या फॉन्टमध्ये ठेवा. स्क्रीनशॉट नको, जोडलेली फाइलही नको. आठ-दहा ओळींची क्वेरी मजकुरातच बसते, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल उघडायला लोक कचरतात. कंपनीने सरावासाठी स्वतःच्या टेबलांची खरी नावं किंवा डेटा दाखवला असेल, तर तो मेलमध्ये उतरवू नका. माझ्यासारखी साधी नावं वापरा.

एवढं सगळं सांगितलं तरी प्रत्येक कच्च्या उत्तरासाठी हे करायचं नसतं. एका मेलमध्ये एकच दुरुस्ती. दोन-तीन उत्तरं सुधारायला बसलात की मेलची उत्तरपत्रिका होते आणि वाचणाऱ्याच्या मनात ठसतं की बरंच काही चुकलं होतं. निवडताना मी स्वतःला विचारायला सांगेन: उत्तर चुकीचं होतं, की नुसतं तोकडं? विंडो फंक्शनचं अजून एक उदाहरण देता आलं असतं, टॅब्लोबद्दल जास्त बोलता आलं असतं, हे तोकडं. ते सोडून द्या. स्वल्पविराम राहिला, फंक्शनचं नाव पटकन आठवलं नाही, तेही सोडा. आणि मुलाखतीतच त्यांनी इशारा देऊन तुम्हाला बरोबर उत्तरापर्यंत आणलं असेल, तर तो हिशेब तिथेच मिटलेला आहे. तो पुन्हा उघडू नका. तुमची गोष्ट यात बसत नाही. तुम्हाला थेट विचारलं गेलं आणि तुम्ही ठामपणे चुकीचं 'हो' म्हणालात. ठाम आणि चूक असं उत्तर असलं की दुरुस्ती करायची.

चूक क्वेरीत नसून संकल्पनेत असेल तर परिच्छेद आणखी छोटा होतो, पण घडण तीच. समजा तुम्ही म्हणालात की पी-व्हॅल्यू 0.03 म्हणजे नवी आवृत्ती निरुपयोगी असण्याची शक्यता 3 टक्के. मग मेलमध्ये असं येईल: "ते चूक होतं. दोन आवृत्त्यांमध्ये प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 3 टक्के, असा त्याचा अर्थ. म्हणून निर्णय घेताना मी त्यासोबत फरक किती मोठा आहे आणि त्याचा विश्वासार्हता अंतराल किती रुंद आहे, हेही बघेन." इथेही शेवटचं वाक्य कामाचं आहे, कारण त्यावरून वागण्यात काय बदलेल ते कळतं.

एक प्रकार मात्र असा आहे जिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना आकडा किंवा भूमिका चुकून वाढवून सांगितली गेली असेल, म्हणजे टीमने केलेलं मॉडेल 'मी केलं' असं निघून गेलं असेल, तर एसक्यूएलची चूक बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करा. क्वेरीची चूक नोकरी लागल्यावर शिकवता येते. ही गोष्ट पुढे पडताळणीत उघडी पडली तर हातातली ऑफर जाऊ शकते.

आता या मेलने काय होतं आणि काय होत नाही. बऱ्याच ठिकाणी तांत्रिक फेरीचे गुण मुलाखतीत प्रत्यक्ष जे घडलं त्यावरच द्यायचे असा नियम असतो, कारण घरी बसून सगळ्यांनाच उत्तर सापडू शकतं. तिथे तुमच्या क्वेरीचे गुण बदलणार नाहीत आणि तसं होणं रास्तही आहे. उत्तरांत मोठी दरी पडली असेल तर एक मेल ती भरून काढत नाही. तो उपयोगी पडतो ते मधल्या जागेत: बाकी मुलाखत चांगली, या एका प्रश्नावर शंका, आणि चर्चेत कुणीतरी विचारतं, "पण ते शून्यवालं त्यांना कळलं का?" त्या वेळी "हो, दुसऱ्या दिवशी स्वतःहून लिहून पाठवलं, सरासरी कुठे फुगते तेही सांगितलं" असं म्हणता यावं, एवढंच आपल्या हातात असतं. मी स्वतः त्या चर्चेत बसलेली असेन तर हे वाक्य नक्की उच्चारेन.

उत्तर आलं नाही तर अर्थ काढत बसू नका. निर्णय होईपर्यंत उमेदवाराशी लेखी बोलायचं नाही अशी सूचना मुलाखत घेणाऱ्यांना अनेकदा असते. "दुरुस्ती मिळाली का?" असा मेल मात्र पाठवू नका. त्यांनी निकालाची जी तारीख सांगितली असेल ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले की एचआरला दोन ओळी लिहा, आणि त्यात क्वेरीचा उल्लेखही नको. पुढच्या फेरीचं बोलावणं आलं तर जाण्याआधी हीच तीन ग्राहकांची टेबलं पुन्हा उभी करा, `orders` मध्ये रकमेचा `amount` हा रकाना वाढवा आणि `COUNT`, `SUM` आणि `AVG` हे `NULL` शी कसे वागतात ते चालवून बघा. मेल वाचलेला माणूस समोर असेल तर तो तिथूनच सुरुवात करण्याची दाट शक्यता आहे: "तुमच्या क्वेरीत `COUNT` च्या जागी रकमेची `SUM` घेतली तर 102 समोर काय येईल?" उत्तर शून्य नाही, `NULL` येतं, आणि शून्य हवं असेल तर `COALESCE(SUM(o.amount), 0)` लिहावं लागतं.